सांगली : फॅशन डिझाइनच्या पदवीधर मुलांसमोर 'स्वतःची डिझाइन-दृष्टी' यावर बारा मिनिटं बोलायचंय. काय बोलू?

गणपतीपेठकर

नमस्कार मंडळी. इथल्या एका महाविद्यालयात फॅशनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप आणि पदवीप्रदान आहे. पाहुणा म्हणून मला बोलावलंय. विषय त्यांनीच दिलाय : 'स्वतःची डिझाइन-दृष्टी कशी घडवावी'. वेळ बारा मिनिटं. साधारण तीस मुलं, त्यात मुलीच जास्त, सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराडकडच्या. प्रत्येकीने शेवटच्या सत्रात सहा पोशाखांचं कलेक्शन केलंय.

मी पॅटर्न मास्तर. कापड बेतणं हे माझं काम, भाषण हे नव्हे. 'स्वतःला ओळखा, वेगळं काही करा' असलं बोलायचं नाही एवढं ठरवलंय, कारण ते ऐकून कुणाचा एक डार्टही हलत नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर करून बघता येईल असं काय सांगावं?

शुभदा_मिरज

अभिनंदन! पदवीदानाचे गाऊन आणि स्टोल शिवून घ्यायचे असतील तर साटिन नका घेऊ, फार घसरतं आणि काळ्या रंगावर इस्त्रीचे डाग उठतात. टेरिकॉट बरं. तीस गाऊनला घाऊक भाव मिळेल.

गणपतीपेठकर

ताई, गाऊन नाही हो, भाषण! पण साटिनचं म्हणालात ते खरंय.

मूडबोर्ड_मावशी

मी सांगते. डिझाइन-दृष्टी म्हणजे सिग्नेचर. लोकांनी लांबून ओळखलं पाहिजे. जपानी डिझायनर इसे मियाके यांनी चुण्यांचं कापड घेतलं आणि त्याचे कपडे शिवले, झाली ओळख. मुलींना सांगा, एक गोष्ट पकडा आणि सोडू नका : एक रंग, एक भरतकाम, एक आकार. आपल्याकडे खण आहे, म्हसवडचं घोंगडं आहे. खणाचं जॅकेट, घोंगड्याचा कोट. आपली मातीही आली आणि ओळखही झाली.

उरेब_पट्टी

मावशी, एक गोष्ट पकडून ठेवायची हे पटलं. मियाकेंचं उदाहरण मात्र उलटं सांगितलंत, आणि या विषयाचा गाभा नेमका त्या उलटण्यातच आहे.

मियाकेंचं 'प्लीट्स प्लीज' हे चुण्यांच्या कपड्यांचं लेबल १९९३ मध्ये आलं. त्यात चुण्यांचं कापड घेऊन कपडा शिवत नाहीत. आधी साध्या कापडाचा कपडा मापाच्या अडीच-तीन पट मोठा बेततात, पूर्ण शिवतात आणि मग तो अख्खा कपडा कागदाच्या थरांत घालून उष्णतेच्या प्रेसमधून काढतात. चुण्या शेवटी पडतात. कापड पॉलिएस्टर, कारण ते उष्णतेने आकार धरतं आणि धुतल्यावरही सोडत नाही. चुण्या त्यांच्या आधीही होत्या. त्यांनी बदलला तो क्रम : आधी शिवण, मग चुणी. त्यामुळे कपडा अंगाबरोबर ताणतो आणि परत येतो, गुंडाळून बॅगेत टाकला तरी चुरगळत नाही.

म्हणजे बघणाऱ्याला चुणी दिसते, पण दृष्टी आहे ती कामाच्या क्रमात. रंग, भरतकाम, मोटिफ उद्या दुसरा कुणीही उचलेल. क्रम उचलायचा तर अख्खी कामाची पद्धत बदलावी लागते.

आणि 'खणाचं जॅकेट' ही दृष्टी नाही, ती खरेदी आहे. प्रिन्सेस कटच्या जॅकेटला डेनिमऐवजी खण लावला तर बदललं ते फक्त बिल.

मूडबोर्ड_मावशी

चुण्यांचा क्रम मला माहीत नव्हता, मान्य. 'खरेदी' हे जरा लागलं. सगळीच सुरुवात कुठल्या तरी कापडापासून होते ना?

उरेब_पट्टी

होते, आणि तिथूनच व्हावी. लागलं असेल तर माफ करा. मी म्हणतोय ते एवढंच, की कापडाला काहीतरी विचारलं पाहिजे.

गणपतीपेठकर, तुमच्या भाषणासाठी एक सुचवतो. दृष्टी म्हणजे कापडाबद्दल घेतलेला एक नियम आणि त्या नियमाचे परिणाम शेवटपर्यंत भोगायची तयारी. नियम कापडाच्या भाषेत लिहिता आला पाहिजे. 'मला साधेपणा आवडतो' हा नियम नाही. 'मी खणाचा काठ कापणार नाही' हा नियम आहे, कारण पुढच्या पाच मिनिटांत तो तुम्हाला अडवतो.

गणपतीपेठकर

हे आवडलं. पण हा नियम मुलीला सापडणार कुठून? मी स्टेजवरून वाटायचे का?

वाकडी_टीप

नियम वाटू नका. त्यांच्याच सहा पोशाखांत तो दडलेला असतो, तो कसा काढायचा ते सांगा.

सहा पोशाखांचे समोरून आणि मागून फोटो घ्यायचे. मोबाईलवर काळे-पांढरे करायचे, म्हणजे रंग आणि जरी गळून पडते. एका कागदावर सहा ओळी आखायच्या, ओळीत एक पोशाख. रकाने पाच : गळा कसा संपवला, खांदा कुठे बसला, कपडा कुठून उघडतो, खालची कड कशी, आणि आतून शिवण कशी मिटवली. प्रत्येक घरात दोन-तीनच शब्द. 'गळा : पायपिंग'. 'कड : दुमडून हातटाका'. एवढं भरायला अर्धा तास पुरतो.

मग रकाना वरून खाली वाचायचा. जे सहापैकी चार वेळा आलं त्याभोवती गोल. गोल केलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न : हे मॅडमनी सांगितलं म्हणून, सवय म्हणून, की दुसरं करून बघितलं आणि नको वाटलं म्हणून? पहिल्या दोन उत्तरांवर काट. तिसरं उत्तर एका जागी जरी आलं तरी तिथून सुरुवात करता येते.

एक चूक हमखास होते. मुली सगळ्यात कौतुक झालेल्या पोशाखाकडे बघतात, पण त्यात बहुधा शिक्षकांचा हात जास्त फिरलेला असतो. पाचवा किंवा सहावा, घाईत केलेला पोशाख जास्त खरं बोलतो. वेळ नसतो तेव्हा माणूस आपल्याच मार्गाने जातो.

विट्याचा_धोटा

हे सगळं परदेशात ठीक. माझं विट्यात ब्लाउजचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, मोबाईल पुढे करतं, 'असंच पाहिजे' म्हणतं. पुढे कटोरी, बाहीला जाळी. तिथं माझी दृष्टी कोण विचारतं? लग्नसराईत दिवसाला बारा ब्लाउज निघाले तर भाडं सुटतं. या मुली उद्या माझ्यासारख्याच दुकानात बसणार आहेत. त्यांना काठ कापू नका म्हणून काय उपयोग?

उरेब_पट्टी

रास्त आहे. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन, की गिऱ्हाईक दाखवतं तो फोटो बाहेरचा असतो. आतली शिवण, मार्जिन किती ठेवायचं, उसवून ढिला करता येईल की नाही, हे फोटोत नसतं. नियम तिथेही लावता येतो.

विट्याचा_धोटा

बाजूला दीड इंच मार्जिन मी ठेवतोच. त्याला दृष्टी म्हणतात हे आज कळलं :) पण त्याचे पैसे कुणी देत नाही.

गणपतीपेठकर

धोटे, तुमचा मुद्दा भाषणात घेतो, उत्तर नसलं तरी. उरेबराव, तो काठाचा नियम जरा शेवटपर्यंत नेऊन दाखवा ना. तसा एक कपडा करून स्टेजवर हातात धरावा म्हणतोय.

उरेब_पट्टी

करूया. गुळेदगुड्डचा खण धरू. पन्हा साधारण ३०-३२ इंच असतो, आपण ३१ धरू. दोन्ही बाजूंना काठ, समजा दीड इंचाचा. छाती ३६ च्या बाईसाठी पुढून उघडा, सैल झगा. नियम : काठ कापायचा नाही, दुमडून आत लपवायचाही नाही.

आता नेहमीसारखी उभी बेतणी केली, तर काठ बाजूच्या शिवणीत जातो. नियम मोडला. म्हणून कापड आडवं फिरवायचं. पन्हा ही कपड्याची उंची होते आणि कापडाची लांबी अंगाभोवती फिरते. खालचा काठ आपोआप घेराची कड बनतो, वरचा काठ खांद्यावर येतो. खाली हेमिंग नाही, बाजूला शिवण नाही. एका वाक्याने एवढं ठरून गेलं.

अंगाचा तुकडा : छाती ३६ अधिक ८ सैलपणा, ४४. पुढच्या दोन्ही कडा दोन-दोन इंच आत दुमडायला ४. म्हणजे ४८ इंच. पुढे बटणं नकोत. कडा समोरासमोर आणून बाराबंदीसारखे बंद लावा.

बाह्या : १५ इंच लांबीचा एकच तुकडा घ्या आणि पन्ह्याच्या मधोमध कापा. दोन बाह्या झाल्या, प्रत्येकी साडेपंधरा इंच लांब, आणि दोघींच्या मनगटाला आपापला काठ. शिवून घेर १४ राहील. खांदा उतरलेला असल्यामुळे बाही कोपर ओलांडून पाऊण हातावर येते.

बगलेला चौकोनी तुकडे लागतात, ४ बाय ४ चे दोन, शिवून ३ बाय ३. त्यासाठी ४ इंचाची पट्टी. बेरीज ६७ इंच.

वाकडी_टीप

आटणं धरलं नाहीत.

उरेब_पट्टी

तेच येत होतं. खणावर ५० सेंटिमीटरचा चौकोन धाग्याने आखा, हाताने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करून पुन्हा मोजा. साडेअठ्ठेचाळीस भरलं तर आटणं तीन टक्के. मग ६७ भागिले ०.९७, म्हणजे जवळपास ६९ इंच, पावणेदोन मीटर. दोन मीटर घ्या, आणि बेतण्याआधी सगळं धुऊन घ्या.

मोजताना काठ आणि पोट वेगवेगळं मोजा. काठाचा धागा वेगळा असला तर तो कमी-जास्त आटतो आणि कडेला लाटा येतात. इतर कपड्यात हेमिंगखाली ते झाकून जातं. इथं काठच कड आहे, त्यामुळे लाट थेट घेरावर दिसते. लाट आली तर तो खण या कपड्याला चालत नाही. इस्त्रीने बसवला तर पुढच्या धुण्यात पुन्हा उठतो.

मूडबोर्ड_मावशी

पण कापड आडवं केलं की मोटिफ आडवे पडतील ना? रथ असला तर तो लोळलेला दिसेल!

उरेब_पट्टी

मावशी, अगदी बरोबर पकडलंत. वर-खाली दिशा असलेलं मोटिफ इथे चालत नाही. बारीक बुट्टी, चौकडी, ठिपके असलेला खण घ्यावा लागतो. म्हणजे आवडलेलं निम्मं दुकान नियमाने बाद केलं. कापडाचा पडही बदलतो, कारण उभा धागा आता अंगाभोवती आडवा गेला. घ्यायच्या आधी दुकानातच खण आडवा करून खांद्यावरून सोडून बघा. कडक उभा राहिला तर झगा खोक्यासारखा दिसेल.

वाकडी_टीप

आणि हातासाठी? बाजूला शिवण नाही म्हणजे वरून खाली चीर द्यावी लागणार. तिथं वरचा काठ कापला जातोच. नियम मोडलात की.

उरेब_पट्टी

मोडला. दोन जागी, दोन्ही बगलांच्या वर. माझ्या मते भाषणाचं मध्य इथेच आहे. नियम कधी तरी मोडतो, आणि मोडतो त्या जागी तुम्ही काय करता यावरून तुमचं काम ओळखू येतं. एकजण कापून ओव्हरलॉक मारेल. दुसरी कापलेल्या काठाची टोकं बाहीवर उलटवून हातटाक्याने पक्की करेल, म्हणजे कुठे कापलं ते उघड दिसेल. तिसरी म्हणेल बाहीच नको, काठाखाली नुसती फट ठेवते. तिन्ही चालतात, पण सहाही पोशाखांत एकच निवड ठेवावी.

चिरेचं गणित : खोली १० इंच, पुढची-मागची कड मिळून २०. त्यात बाहीचे १४ आणि बगलेच्या तुकड्याचे ६. चिरेच्या खालच्या टोकाला मार्जिन शून्यावर येतं आणि हात वर केला की तिथूनच फाटतं. म्हणून चीर देण्याआधी त्या टोकावर दोन इंचाचा ऑर्गंडीचा तुकडा सुलट बाजूला ठेवून टोकाभोवती बारीक टीप मारा, मग कापा आणि तुकडा आत उलटवा. हे आधी करायचं असतं. कापल्यावर आठवलं तर उपाय नाही.

वाकडी_टीप

खांद्याचं मी सांगते. पुढचा आणि मागचा काठ सरळ रेषेत जोडला तर गळ्याजवळ कापड उभं राहतं आणि तिथून बगलेकडे तिरक्या सुरकुत्या ओढल्या जातात, कारण माणसाचा खांदा उतरता असतो आणि काठ सरळ. नेहमीच्या बेतणीत खांदा तिरका कापतो, इथं ती मुभा नाही. म्हणून एक काठ दुसऱ्यावर चढवायचा : गळ्याजवळ अर्धा इंच, खांद्याच्या टोकाला दोन इंच. वरून हाताने धावदोरा. काठ न कापता उतार मिळतो आणि दोन काठ एकमेकांवर तिरके गेलेले दिसतात. टोकाचे हे दोन इंच चिरेच्या घेरातून जातात, म्हणून चीर १० ऐवजी ११ इंच खोल द्या, म्हणजे २० उरतील. मधे गळ्याला आठ इंच सोडा.

मला विचाराल तर सगळ्या झग्यात बघण्यासारखी जागा तीच. मुद्दाम सजवलेली नाही, खांद्याला उतार हवा होता म्हणून आली.

कृष्णाकाठ

घोंगड्याला पण हाच नियम लागेल का? माझी भाची साताऱ्यात शिकते, तिने म्हसवडचं घोंगडं घेऊन कोट केला. शिवणी इतक्या जाड झाल्या की मशीनची सुई मोडली, आणि कोट घालवत नाही, टोचतो.

वाकडी_टीप

तो नियम तिथे नाही चालणार, घोंगड्याचं दुखणं वेगळं आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, आणि वर चिंचोक्याच्या खळीने ताठपणा येतो. शिवण दुमडून मिटवली की तीन-चार थर होतात आणि प्रेशर फूटखाली जात नाहीत. तिथला नियम 'कुठेही दोन थरांपेक्षा जास्त नाही' असा निघेल. कडा एकमेकींना भिडवायच्या आणि लोकरीच्या धाग्याने ब्लँकेट टाक्याने शिवायच्या. कॉलर नको, कारण कॉलर म्हणजे थर. टोचण्यासाठी गळ्यापाशी आणि मनगटापाशी सुती पट्टी लावावी लागेल, दुसरा मार्ग मला दिसत नाही. भाचीची चूक एवढीच की तिने सुती कोटाचा पॅटर्न घोंगड्यावर ठेवला.

गणपतीपेठकर

आता भाषणाचा आराखडा असा करतोय. पहिली दोन मिनिटं चुण्यांचा क्रम, एकच उदाहरण. मग चार मिनिटं सहा ओळी-पाच रकान्यांचा कागद. तो आधीच छापून खुर्च्यांवर ठेवतो. मग पाच मिनिटं झगा : आधी हँगरवर, मग आतून उलटा करून. शेवटच्या मिनिटात चीर आणि कापलेला काठ दाखवून थांबतो. आकडे बोलत नाही, ते कागदाच्या मागे छापतो.

वाकडी_टीप

झग्याला आणखी एक मिनिट द्या, कागदाचं एक कमी करा. आणि हँगरवर धरला तर खांद्याचा उतार दिसणार नाही. कुणाला तरी घालायला लावा, हात वर करायला सांगा. बगलेचा तुकडा तेव्हाच कळतो. उलटा करून दाखवताना पहिल्या रांगेत फिरवा, सभागृहाच्या मागून टाका दिसत नाही.

विट्याचा_धोटा

आणि शिवायला किती वेळ लागला तो सांगा. हातटाका, ऑर्गंडी, धावदोरा धरून माझ्या हिशेबात दीड दिवस. दीड दिवसाची मजुरी लावून हा झगा सांगलीत कुणी घेणार का, हे त्यांनाच विचारा.

उरेब_पट्टी

सांगाच. मला दीड दिवस जास्त वाटतो, एका दिवसात व्हावा. पण हेमिंग आणि बाजूच्या शिवणी वाचल्या त्याचे दोन तासच वजा होतील, हेही खरं.

गणपतीपेठकर

आज मारुती रोडला जाऊन आलो. बारीक ठिपक्यांचा, मनासारखा खण मिळाला, पण टेप लावली तर पन्हा साडेएकोणतीसच. धुऊन साडेअठ्ठावीस राहील. झगा कमरेच्या जरा खालीच संपेल, बाह्याही सव्वाचौदा. काठाखाली साध्या कापडाची तीन इंची पट्टी जोडू का?

उरेब_पट्टी

नको. पट्टी जोडली की काठ कड राहत नाही, मधली रेघ होते. आखूड राहू द्या.

वाकडी_टीप

मी जोडेन, पण वर, खांद्याला, दोन काठांच्या मधे. कड कडच राहील आणि उंची मिळेल. उताराचं गणित मात्र पुन्हा मांडावं लागेल.

गणपतीपेठकर

दोन्ही मसलिनवर करून बघतो. खण सध्या बादलीत भिजतोय.